पॅड, टॅम्पॉन का कप? हॉस्टेलवर राहून पहिल्यांदाच निवडायचं असेल तर

प्रश्न: मॅडम, मी 19 वर्षांची आहे, गाव बीड जिल्ह्यात, सध्या लातूरला नीट रिपीट करतेय. हॉस्टेलला पाणी मोजकंच येतं, एका मजल्याला दोनच बाथरूम. पॅडने दर महिन्याला जांघेत रॅश येऊलालेत, क्लासला तासनतास बसून अजूनच वाढतंय. एक रूममेट म्हणती कप घे, दुसरी म्हणती टॅम्पॉन बरं. मी पॅडशिवाय कधी काहीच वापरलं नाही. खर्च पण बघावा लागतो, आणि घरी कपचं कळलं तर काय म्हणतील याची पण भीती आहे. नेमकं काय घेऊ?

उत्तर:

या पाळीला पॅडच चालू ठेव, फक्त पॅडचा प्रकार आणि बदलायची वेळ दोन्ही बदल. कप, म्हणजे आत बसवायचा आणि रक्त साठवणारा मऊ सिलिकॉनचा छोटा पेला, जरूर घे, पण तो हॉस्टेलवर शिकायचा नाही, दिवाळीला नाहीतर दुसऱ्या कुठल्या सुट्टीला गावाकडं असशील आणि पाळी तिथं येणार असेल तेव्हा शिकायचा. टॅम्पॉन, म्हणजे आत सरकवायची रक्त शोषणारी कापसाची गुंडाळी, रोजच्या वापराला मी तुला नाही सुचवणार, त्याचं कारण पुढं सांगते.

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, मराठवाड्यातच प्रॅक्टिस करते, आणि हॉस्टेलच्या पोरी माझ्याकडं सारख्या येतात. तिघांतलं सगळ्यात चांगलं कोणतं असं त्या विचारतात तेव्हा मी आधी त्यांनाच तीन गोष्टी विचारते. बाथरूममध्ये तुला एकटीला किती वेळ मिळतो, हात धुवायला साबण-पाणी हमखास असतं का, आणि पहिल्या दोन दिवसात किती जातं. निवड या तीन उत्तरांवर होते, जाहिरातीवर नाही आणि मैत्रिणीच्या अनुभवावर तर अजिबात नाही, कारण मैत्रिणीचं शरीरही वेगळं असतं आणि तिचं बाथरूमही.

आधी रॅशचं बघू, कारण ते आत्ता दुखतंय. पॅडमुळं होणारा बहुतेक त्रास ओल, घाम आणि घासणं या तिघांचा मिळून असतो. क्लासला सकाळी सातला बसायचं आणि दुपारी दीडला उठायचं, वरून पंखा गरम हवा फेकतोय, अंगावर जाड लेगिंग, अशात पॅडची कड जांघेला सहा तास घासत राहते. त्यात पाणी नाही म्हणून आणि पॅड महाग म्हणून दिवसाला दोनच वापरायचे, हे मी खूप पोरींकडून ऐकते. तू लिहिलं नाहीस पण तुझंही तसंच असेल तर रॅशचं निम्मं कारण तेच आहे. रक्त कमी जात असलं तरी पॅड चार-पाच तासांनी बदलायचाच, जास्तीत जास्त सहा तास. रात्री झोपायच्या आधी ताजा लावला की सकाळपर्यंत चालतो, पण तो लांबीला मोठा असावा, 280 ते 320 मिलिमीटरवाला, म्हणजे मागं डाग पडत नाही.

दुसरं, पॅड कोणता ते बघ. वरचा थर जाळीदार प्लॅस्टिकसारखा असतो तो ओल पटकन आत ओढतो खरा, पण उन्हाळ्यात त्यानं कातडी जास्त चुरचुरते. मऊ, कापसासारख्या वरच्या थराचा आणि बिनवासाचा पॅड एक महिना वापरून बघ. सुगंधी पॅड बंद कर, त्या वासानंच बऱ्याच जणींना खाज सुटते. अंतर्वस्त्र सुती आणि नीट बसणारं पाहिजे, सैल झालेल्या निकरवर पॅड सरकत राहतो आणि घासतो. जागा साध्या पाण्यानं धुवून टिपून कोरडी करायची, मग फक्त जांघेच्या घडीत खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन पातळ लावायचं. पॅड चिकटतो तिथं तेल लागू द्यायचं नाही, नाहीतर तो जागेवर राहत नाही.

पण एक गोष्ट आरशात नीट बघून घे. पॅड घासून झालेला रॅश सपाट लाल असतो, चुरचुरतो, आणि पाळी संपल्यावर चार-पाच दिवसात उतरतो. गोल-गोल चट्टा असेल, कडा उठलेली आणि मधला भाग साफ, खाज रात्री जास्त, आणि पाळी संपली तरी पसरतोय, तर ते गजकर्ण आहे, पॅडचा त्यात फार दोष नाही. अशा वेळी मेडिकलवाल्याला सांगून तीन-चार औषधं एकत्र मिसळलेली ट्यूब आणायची नाही. त्यात स्टेरॉइड असतं, दोन दिवस एकदम बरं वाटतं आणि नंतर ते गजकर्ण दुप्पट पसरतं, वर कातडी पातळ होते ती वेगळीच. त्वचेच्या डॉक्टरला दाखव. लातूरला सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तिथं ओपीडीत दाखवलं तरी चालतं.

आता खर्च. तुझी पाळी पाच दिवसांची धरू. पहिल्या दोन दिवसात दिवसरात्र मिळून पाच-पाच, तिसऱ्या-चौथ्याला तीन-तीन, शेवटच्या दिवशी दोन, असे अठरा पॅड झाले. त्यात रात्रीचे चार मोठे, बारा रुपयांच्या आसपास, आणि बाकीचे चौदा सहा रुपयांचे. म्हणजे महिन्याला 130 च्या पुढं, वर्षाला दीड हजारच्या वर. हे नीट वेळेवर बदलले तर, कंजूषी करून नाही. जनऔषधी केंद्रात 'सुविधा' नावाचे पॅड 2019 पासून एक रुपयाला एक मिळतात, दिवसा ते वापरून रात्रीला तेवढा मोठा विकत घेतला तर महिन्याचा खर्च 60-65 रुपयांवर येतो. स्वस्त पॅड चार तासांनी बदलणं हे महागडा पॅड दहा तास ठेवण्यापेक्षा कातडीला केव्हाही चांगलं, हे मी पेशंटला नेहमी सांगते. (पॅडवरचा जीएसटी जुलै 2018 मध्ये काढून टाकलाय, त्यामुळं टॅक्समुळं महाग असं कुणी सांगितलं तर ते खरं नाही.)

टॅम्पॉनचा हिशोब बसत नाही. आपल्याकडं एक साधारण दहा ते पंधरा रुपयांना पडतो, लातूरसारख्या ठिकाणी पण मोठ्या मेडिकलमध्येच मिळाला तर मिळतो, नाहीतर ऑनलाइन मागवा. तो चार ते सहा तासांनी बदलायचा, आठ तासांच्या वर एक मिनिट ठेवायचा नाही. शेवटच्या दिवसात कमी जात असतं तेव्हा तो वापरायचाच नाही, कारण कोरडा टॅम्पॉन ओढून काढताना आत ओरखडे पडतात. म्हणजे हलक्या दिवसांना पॅड आलाच, आणि लांब झोपणारीला रात्रीलाही पॅड. तरी खर्च पॅडपेक्षा जास्तच. आणि तुझ्यासाठी खरी अडचण पैशाची पण नाही, हाताची आहे. आपल्याकडं मिळणारे बरेचसे टॅम्पॉन नळीशिवायचे असतात, बोटानं आत सरकवावे लागतात, दिवसातून चार वेळा, आणि प्रत्येक वेळी आधी हात साबणानं धुतलेले पाहिजेत. जिथं नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही तिथं दिवसातून चार वेळा हे जमवणं अवघड आहे.

टॅम्पॉनबद्दल टॉक्सिक शॉक सिंड्रोम हे नाव ऐकलं असशील. स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचे जिवाणू विष तयार करतात आणि ते रक्तात जातं, नीटचा अभ्यास करतेस तर तुला हे पटकन समजेल. 1980 च्या सुमाराला अमेरिकेत खूप शोषून घेणाऱ्या टॅम्पॉनमुळं याच्या बऱ्याच केसेस झाल्या, त्यानंतर जास्त शोषणारे टॅम्पॉन बाजारातून गेले आणि डब्यावर सूचना आल्या. आता हे अगदी दुर्मिळ आहे, कपमुळं झाल्याच्याही तुरळक केसेस नोंदलेल्या आहेत. पण लक्षणं पाठ पाहिजेत. टॅम्पॉन किंवा कप आत असताना अचानक खूप ताप, उलट्या-जुलाब, चक्कर, उन्हानं भाजल्यासारखी लाल कातडी, असं काही झालं की आधी ते बाहेर काढायचं आणि त्याच तासाला दवाखाना गाठायचा, सकाळची वाट बघायची नाही. आणि आपल्याला पाळी चालू आहे आणि आत काय होतं हे डॉक्टरला न लाजता सांगायचं, नाहीतर साधा ताप म्हणून गोळ्या देऊन परत पाठवतील.

टॅम्पॉन वाईट आहे असं नाही हं. पोलीस भरतीसाठी ग्राउंडवर पळणाऱ्या पोरी, पोहणाऱ्या पोरी, यांना त्या दोन-तीन तासांपुरता तो खूप सोयीचा पडतो. सगळ्यात कमी शोषणारा घ्यायचा, काम झालं की काढायचा. तुझं काम बसण्याचं आहे, म्हणून तुला त्याची गरज नाही.

आता कप. एवढं सगळं असून मी तुला कपच का सांगते? कारण एकदा जमला की त्याला दिवसातून दोन-तीनदाच हात लावावा लागतो आणि ती वेळ तू ठरवू शकतेस. सकाळी अंघोळीला, क्लासवरून आल्यावर आणि झोपायच्या आधी. क्लासच्या बाथरूमचा, रांगेचा, कचऱ्याच्या डब्याचा प्रश्नच नाही. जांघेत घासायला काही नाही, म्हणून पॅडचा रॅशही नाही. 2019 मध्ये 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ' मध्ये कपवरच्या 43 अभ्यासांचा आढावा आला होता, 3300 च्या आसपास बायका-मुली. गळणं पॅड-टॅम्पॉनइतकंच किंवा कमी, आणि वापरून बघितलेल्यांपैकी 70 टक्के जणींना पुढं चालू ठेवावासा वाटला. पण त्यातच हेही दिसतं की हात बसायला काही महिने लागतात. पहिल्याच पाळीत जमेना म्हणून फेकून दिला असं होऊ देऊ नकोस, दोन ते पाच पाळ्या धरून चाल. खर्च म्हणशील तर चांगल्या सिलिकॉनचा कप साधारण 300 ते 500 रुपयांना येतो आणि नीट ठेवला तर पाच वर्षं सहज जातो. तीन-चार महिन्यांच्या पॅडच्या पैशात तो फिटतो.

कप घेताना दोन गोष्टी बघ. एक, मेडिकल ग्रेड सिलिकॉन असं स्पष्ट लिहिलेलं असावं, रस्त्यावरच्या स्टॉलवरचा रंगीत, वास येणारा घेऊ नकोस. दुसरं, साइज. बाळंतपण न झालेल्या पोरीला लहान साइज, त्यात साधारण 20 मिली मावतं. अख्ख्या पाळीत बहुतेकींचं 30 ते 40 मिली जातं, तेव्हा हे पुष्कळ आहे. जमलं तर पाळीच्या दुसऱ्या दिवशी स्वच्छ धुतलेलं मधलं बोट आत घालून गर्भपिशवीचं तोंड किती वर लागतं ते बघ, नाकाच्या शेंड्यासारखं टणक-मऊ लागतं ते. पहिल्याच पेरावर लागलं तर आखूड कप घ्यायचा, बोट पूर्ण गेलं तरी लागलं नाही तर कुठलाही चालतो पण त्याची खालची दांडी कापायची नाही. कप फार कडक पण नको, कडक कप लघवीच्या पिशवीवर दाबतो आणि सारखी लघवीला लागल्यासारखं होतं.

गावाकडं शिकायचं म्हटलं ते या कारणासाठी की तिथं कुणी दार वाजवत नाही. पाळीचा दुसरा-तिसरा दिवस घे, कोरड्या दिवशी सराव केला तर दुखतं. कप वापरायच्या आधी स्टीलच्या वेगळ्या भांड्यात पूर्ण बुडेल एवढ्या पाण्यात पाच मिनिटं उकळायचा. गॅसवर ठेवून फोनवर बसायचं नाही, पाणी आटलं की कप तळाला लागून जळतो. आपल्याकडं बोअरचं पाणी जड, त्यामुळं कपावर पांढरा थर चढतो, उकळताना लिंबाची एक फोड टाकली की तो बसत नाही. लातूरला हॉस्टेलवर गॅस नसेल तर छोटी इलेक्ट्रिक केटल त्यासाठीच वेगळी ठेव, बंद पडली की परत परत चालू करून पाच मिनिटं उकळी राहू दे, आणि त्या केटलमध्ये चहा-मॅगी काही करायचं नाही. नुसतं गरम पाणी वरून ओतणं म्हणजे उकळणं नव्हे. दर पाळीच्या आधी एकदा आणि संपल्यावर एकदा उकळायचा, मधल्या दिवसात नुसतं स्वच्छ पाण्यानं धुतला तरी पुरतं. डेटॉल, सॅनिटायझर, सुगंधी साबण कपाला लावायचा नाही, आतली नाजूक कातडी जळते.

घालताना उकिडवं बस, किंवा एक पाय पालथ्या बादलीवर ठेव. कपाची वरची कड एका बोटानं आतमध्ये खाली दाब, म्हणजे तोंड निमुळतं होतं, पहिल्यांदा हीच घडी सगळ्यात सोपी जाते. कड पाण्यानं ओली कर. आणि इथं बहुतेकींचं चुकतं, त्या सरळ वर ढकलतात. योनीमार्ग सरळ वर नाही, तिरपा मागं जातो, म्हणून माकडहाडाच्या दिशेनं सरकव. आत गेल्यावर घडी सोडली की कप उघडतो, कधी कधी हलकं 'टप' जाणवतं. जाणवलं नाही तरी बोट कपाच्या बुडाभोवती फिरव, गोल लागला तर उघडलाय, कुठं खोलगट लागलं तर उघडला नाही, बुड धरून थोडा फिरव. कप पहिल्या तासाभरातच गळायला लागला तर बहुतेक वेळा कारण हेच असतं. दांडी पूर्ण आत गेली पाहिजे, बाहेर टोचत असेल तर काढून थोडी कापायची. सुरुवातीच्या दोन-तीन पाळ्या बरोबर पातळ पॅड लावून ठेव, म्हणजे मन शांत राहतं.

काढण्याची धास्ती घालण्यापेक्षा मोठी असते. एक कॉलेजची मुलगी रात्री अकराला आईला घेऊन माझ्याकडं आली होती, दोघी रडवेल्या, कप निघत नाही, आत हरवला, आता ऑपरेशन करावं लागेल का म्हणून. तिनं तासभर दांडी ओढली होती, घाबरून अंग इतकं आवळून घेतलं होतं की मी हात लावायच्या आधीच ती दचकत होती. तिला मी पाणी दिलं, दहा मिनिटं नुसतं बसवलं, मग उकिडवं बसवून शौचाला जोर लावतात तसा हळू जोर लावायला सांगितलं. कप खाली आला, तिनं स्वतःच बुड दोन बोटात चिमटीत धरून दाबलं, हवा शिरल्याचा बारीक आवाज आला आणि कप अलगद निघाला. औषध नाही, अवजार नाही. लक्षात ठेवायचं ते एवढंच की दांडी ओढायची नाही, दांडी फक्त बुड सापडायला आहे. बुड दाबून आतली पकड सुटल्याशिवाय ओढलं तर गर्भपिशवीचं तोंड पण खाली खेचलं जातं आणि कळ येते. आणि हरवायला आत जागाच नाही, योनीमार्ग वरून बंद आहे, गर्भपिशवीच्या तोंडाचं छिद्र एवढं बारीक असतं की त्यातून कप तर सोड, टॅम्पॉन पण जात नाही. नाहीच निघाला तर अर्धा तास थांबून परत बघ, तरी नाही तर दवाखान्यात ये, दोन मिनिटाचं काम आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

कप जास्तीत जास्त बारा तास ठेवतात, पण नवीन असताना आठ तासात काढायची सवय लाव.

हॉस्टेलवर पाण्याचं असं कर. अर्धा लिटरची बाटली पिण्याच्या पाण्यानं भरून आत घेऊन जा. हात बाहेर बेसिनवर साबणानं आधी धुवून घे, मग आत जा. कप संडासात रिकामा कर, बाटलीतल्या पाण्यानं धू, परत घाल, उरलेल्या पाण्यानं हात साफ कर आणि बाहेर येऊन परत साबणानं धू. अर्धा लिटर पुष्कळ झालं. एखाद्या वेळी पाणी अगदीच नसेल तर स्वच्छ टिश्यूनं पुसून घातला तरी चालतो, पुढच्या वेळी धुवायचा. पण हात घाण असतील तर मात्र कपला हात लावायचा नाही, त्या दिवशी पॅड. लातूरकरांनी 2016 ला मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलंय, इथं पाणी कधी दगा देईल सांगता येत नाही, म्हणून कप आला तरी कपाटात एक पॅडचं पाकीट कायम असू दे. हॉस्टेलच्या संडासात कप पडला तर मोह न करता टाकून दे आणि पॅड लाव. टँकरच्या पाण्यानं कप धुवायची वेळ आली तर आधी ते उकळून गार करून बाटलीत भरून ठेव.

पॅड टाकायचं पण सांगते, कागदात गुंडाळून डब्यात टाकायचा, संडासात कधीच नाही. एका मजल्याला दोन बाथरूम आहेत, त्यातलं एक तुंबलं तर सगळ्याच पोरींचे हाल.

आता घरचं. आई-मावशीला जी धास्ती असते ती मला रोज ऐकायला मिळते, "मॅडम, पोरीचं लग्न व्हायचंय अजून, हे आत घातल्यानं काही होणार तर नाही ना?" माझं उत्तर सरळ असतं. योनीच्या तोंडाशी जो पडदा म्हणतात तो बंद दरवाजा नसतो, तो ताणला जाणारा कातडीचा पातळ काठ असतो, त्यातूनच तर पाळीचं रक्त बाहेर येतं. काहींचा जन्मापासून नावापुरताच असतो, काहींचा खेळताना-सायकल चालवताना ताणला जातो, कपनं पण थोडा ताणला जाऊ शकतो हे मी लपवणार नाही. पण त्यावरून मुलीचे संबंध आलेत की नाही हे जगातला कुठलाही डॉक्टर सांगू शकत नाही. बलात्कार झालेल्या बाईची दोन बोटांची तपासणी करू नका असं सुप्रीम कोर्टानं 2022 मध्ये परत ठणकावून सांगितलंय आणि तिला शास्त्रीय आधार नाही असं निकालातच म्हटलंय. आईला सांगायचं का नाही हे तू ठरव. माझा अनुभव असा की उकळायला भांडं लागतं, घरात दोन-तीन दिवस सराव करायचा असतो, तर आईला आधी सांगितलं की ती बरोबर उभी राहते. आणि तुझं मन अजून तयार नसेल तर पॅडवर राहणं हीसुद्धा पूर्ण बरोबर निवड आहे, कपनं कुणाची पाळी जास्त चांगली होत नाही.

बोट सुद्धा आत जात नसेल, जरा लावलं तरी अंग एकदम आवळून येत असेल आणि भाजल्यासारखं दुखत असेल, तर जबरदस्ती करू नकोस, कप बाजूला ठेव आणि एकदा तपासून घे. काहींना स्नायू आवळण्याचा त्रास असतो, काहींना आत पडद्याची आडवी-उभी पट्टी असते, दोन्हींवर उपचार आहेत. (हे वाचणाऱ्यांपैकी कुणाला कॉपर टी बसवलेली असेल तर कप घ्यायच्या आधी बसवणाऱ्या डॉक्टरला विचारा, कप ओढताना ती सरकू शकते.)

परीक्षेचं एक पक्कं ठरवून टाक. नीटचा पेपर दुपारी 2 ते 5 असतो, पण सेंटरवर आत जायचं बघता सकाळी अकरापासूनच तू अडकतेस. मे महिन्यात पाळी त्या तारखेला येतेय असं वाटलं तर त्या दिवशी तेच वापर ज्याची तुला सवय आहे. फेब्रुवारीपर्यंत कप गळल्याशिवाय आठ तास राहायला लागला असेल तर कप आणि वर पातळ पॅड. नाहीतर आत जायच्या अगदी आधी लावलेला मोठा पॅड. एप्रिल-मे मध्ये नवीन काहीही शिकायला घ्यायचं नाही.

कपाचा अजून एक फायदा तुझ्यासारख्या विद्यार्थिनीला होईल. बऱ्याच कपांवर मिलीच्या रेघा असतात. रिकामा करताना आकडा वहीत लिहून ठेव. अख्ख्या पाळीचं मिळून 80 मिलीच्या वर सलग दोन महिने गेलं, किंवा पॅडवर असताना दोन तासाच्या आत पूर्ण भरत असेल, एक रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठ्या गाठी पडत असतील, पाळी सात दिवसांच्या वर चालत असेल, तर ती वही घेऊन ये. हिमोग्लोबिन बघू, गरज वाटली तर थायरॉइड आणि सोनोग्राफी करू.